"नुसतं बसवलंय" म्हणजे नक्की काय? अटक, २४ तास आणि एक कागद

रात्री साडेदहा-अकराच्या पुढे फोन वाजला आणि पलीकडून कुणाची तरी आई बोलत असली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "ताई, अटक नाही केलेली हो, नुसतं बसवून ठेवलंय थान्यात." इंदूरच्या जिल्हा कोर्टात वकिली करताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मी पुढचं काही विचारायच्या आधी एवढंच विचारते, किती वाजता नेलं? तर त्या म्हणतात, वेळ कशाला हवीय, आधी त्याला सोडवायचं बघा ना. पण सोडवायची सगळी गोष्ट त्या वेळेवरच अडकलेली असते, म्हणून आज हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "बसवून ठेवणं" नावाचा प्रकार कायद्यात नाहीच. एक तर तुम्ही मोकळे असता, नाहीतर पोलिसांच्या ताब्यात असता, मधली बाकड्यावरची अवस्था कुठल्याच कलमात नाही. ओळखायचं कसं, तर सोपं आहे, उठून म्हणायचं, "साहब, मैं घर जाऊँ? सुबह आ जाऊँगा." जाऊ दिलं तर तुम्ही चौकशीला आलेला माणूस. "बैठ जा, टीआय साहब आएँगे तब देखेंगे" असं उत्तर आलं, मोबाईल काढून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये गेला, की तुमचं घड्याळ सुरू झालं, मग कागदावर कुणी काही लिहिलेलं असो नसो. मुंबई हायकोर्टाने १९९० मध्येच अशक हुसेन अल्लाह देठा यांच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की अटक सुरू होते ती माणसाच्या हिंडण्याफिरण्यावर बंधन आलं तिथून, अधिकाऱ्याने अटकेची म्हणून जी वेळ लिहिली तिथून नाही. तेव्हा प्रकरण कस्टमवाल्यांचं होतं पण मुद्दा तोच.

आता एक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत नेऊ. माझ्या कुठल्या पक्षकाराचं नाहीये, चार जणांचं मिळून मी बनवलंय. मुलाचं नाव निखिल ठेवू. सुदामा नगरात राहतो, आई-वडील दोघं घरी, जुन्या गाड्या घेऊन विकायचा धंदा. एका माणसाकडून गाडीसाठी १,८०,००० रुपये घेतले, गाडी दिली नाही, पैसे परत द्यायला टाळाटाळ केली, त्या माणसाने एफआयआर केली, फसवणुकीचं कलम लागलं, भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), म्हणजे जुनी ४२०. शिक्षा ७ वर्षांपर्यंत. निखिल दोषी आहे की नाही हा आपला विषयच नाही बरं का, असेलही दोषी, त्याने पुढच्या कुठल्याही गोष्टीत काही फरक पडत नाही.

शनिवारी संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी साध्या कपड्यातले दोन शिपाई दुकानात येतात, "टीआय साहब ने बुलाया है, पाँच मिनट का काम है." तो त्यांच्याच बाईकवर मागे बसून जातो. (आपल्याकडे थान्याच्या प्रमुखाला टीआयच म्हणतात, मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना ते कळत नाही, त्यांना वाटतं तिकीट तपासनीस.) शनिवारची रात्र बाकड्यावर. रविवारी सकाळी ११:१५ ला अटकेचा कागद भरतात, गिरफ्तारी पत्रक म्हणतात त्याला. आणि सोमवारी सकाळी १०:५० ला मॅजिस्ट्रेटसमोर उभा करतात.

पोलिसांचा हिशोब बघा. रविवार ११:१५ ते सोमवार १०:५०, २३ तास ३५ मिनिटं, चोवीसच्या आत, वर २५ मिनिटं शिल्लक. कागद एकदम स्वच्छ. खरा हिशोब बघा. शनिवार ६:४० ते सोमवार १०:५०, ४० तास १० मिनिटं. त्यातून थान्यापासून कोर्टापर्यंतचा प्रवास वजा करता येतो कारण घटनेच्या कलम २२(२) मध्येच लिहिलंय की जवळच्या मॅजिस्ट्रेटपर्यंत जायला लागणारा वेळ सोडून २४ तास. पण इंदुरात थाना ते कोर्ट किती लागणार, सराफ्यात रात्री गर्दी असते तशी गर्दी धरली तरी अर्धा-पाऊण तास. म्हणजे रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास त्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यायलाच पाहिजे होतं.

आणि "रविवार होता, कोर्ट बंद होतं" हे चालत नाही. सुट्टीच्या दिवशी रिमांडची ड्युटी असलेला मॅजिस्ट्रेट असतो, गरज पडली तर त्यांच्या घरी नेऊन उभं करतात, दिवाळीला पण. पूर्वी अजून एक बहाणा असायचा की ज्यांचा अधिकार आहे ते साहेब रजेवर आहेत. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तिच्या कलम ५८ मध्ये म्हणून स्पष्टच घातलंय, मॅजिस्ट्रेटला त्या केसचा अधिकार असो वा नसो, २४ तासांत जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे न्या.

हे २४ तास नुसत्या संहितेत नाहीत, घटनेत आहेत, आणि याची गोष्ट मला सांगाविशी वाटते कारण ती आपल्या शेजारच्या गावात जन्मलेल्या माणसाची आहे. घटनेच्या मसुद्यातून अटकेसंबंधीचं संरक्षण पातळ झालंय अशी बरीच टीका झाली होती, मग सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी संविधान सभेत कलम १५-अ म्हणून नवीन कलम मांडलं, तेच आजचं कलम २२. लोक म्हणाले हे तर फौजदारी संहितेत आधीपासूनच आहे, मग परत कशाला. त्यांचं म्हणणं असं होतं की संहितेत आहे ते उद्या विधिमंडळ काढून टाकू शकतं, घटनेत घातलं की संसदेचे आणि प्रांतांच्या विधिमंडळांचेही हात बांधले जातात. महू इथून वीस-पंचवीस किलोमीटर. तिथे माळा घालायला जाणाऱ्यांना मी कधी विचारलं कलम २२ काय आहे, तर फार थोड्यांना सांगता येतं.

असो, निखिलकडे वळू. आता दुसरा भाग, तो कागद.

कलम २२(१) म्हणतं की अटक केलेल्या माणसाला अटक कशासाठी केली ते शक्य तितक्या लवकर सांगायचं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७ तेच सांगतं, वर असंही की गुन्हा जामीनपात्र असेल तर "तुला जामीन मिळू शकतो, जामीनदार आण" हेही सांगायचं. वर्षानुवर्षं हे "सांगणं" म्हणजे छापील फॉर्मवर एक ओळ असायची, "गिरफ्तारी के कारणों से अवगत कराया गया", खाली अंगठा किंवा सही. काय अवगत केलं, कुणी बघितलंय.

इथे एक फरक समजून घ्या, हाच सगळ्यात महत्त्वाचा. कारण वेगळं आणि आधार वेगळा. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रबीर पुरकायस्थ यांच्या निकालात हे फोड करून सांगितलं. कारणं ही कुणालाही लावता येतात, पुढचा गुन्हा करू नये म्हणून, तपास नीट व्हावा म्हणून, पुरावा नष्ट करू नये म्हणून, साक्षीदारांवर दबाव आणू नये म्हणून. ही यादी निखिलला लावा नाहीतर मला लावा, तंतोतंत बसते, अगदी शेजारच्या पोहेवाल्याला पण बसेल. आधार म्हणजे त्या एका माणसाबद्दलच्या गोष्टी, त्याने काय केलं असं पोलिसांचं म्हणणं आहे ते.

निखिलच्या कागदावर असं लिहिलं असेल की "अपराध धारा ३१८(४) में आरोपी है, विवेचना हेतु गिरफ्तारी आवश्यक", तर हा आधार नाही, ही नुसती कारणाची ओळ झाली. आधार असा दिसतो: अमुक तारखेला फिर्यादीकडून गाडी देतो सांगून तुझ्या खात्यात १,८०,००० घेतले, ती गाडी त्या आधीच दुसऱ्याच्या नावावर झालेली होती, फिर्यादीने पैसे मागितल्यावर तू दिलेला चेक परत आला. हे वाचून निखिलचा वकील मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहून म्हणू शकतो, साहेब, चेक परत आला ही गोष्ट खरी पण गाडी नावावर झाली ती नंतर, हे बघा आरटीओचे कागद. पहिल्या कागदावर तो काहीच बोलू शकत नाही, "माझा पक्षकार निर्दोष आहे" याच्यापलीकडे. आधार द्यायचा तो याचसाठी, रिमांडला विरोध करता यावा म्हणून, जामीन मागता यावा म्हणून. माहिती म्हणून वाचायला देत नाहीत तो.

मग पुढचा प्रश्न, तोंडी सांगितलं तर चालेल का आणि कधीपर्यंत. याचं उत्तर ६ नोव्हेंबर २०२५ ला आलं, मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य. वरळीत गाडीने एका बाईला चिरडल्याचं ते प्रकरण, पेपरात सगळ्यांनी वाचलंय, आणि मला माहितीये वाचून राग येतो की असल्या माणसाच्या केसमधून हक्क कसले. पण फौजदारी कायद्यातले बरेचसे हक्क असल्याच केसेसमधून आलेत, त्याला इलाज नाही. कोर्टाने काय ठरवलं तर गुन्हा कुठलाही असो, खून असो नाहीतर चोरी, अटकेचे आधार लेखी द्यायचे, आणि माणसाला समजेल अशा भाषेत द्यायचे. जागेवर लेखी देणं शक्यच नसेल, म्हणजे पोलिसांच्या डोळ्यासमोरच गुन्हा घडला वगैरे, तर तेव्हा तोंडी सांगा, पण नंतर लेखी द्याच, आणि काहीही झालं तरी रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटपुढे न्यायच्या किमान २ तास आधी. नाही दिले तर अटक बेकायदेशीर, त्यावरचा रिमांडही बेकायदेशीर.

निखिलला सोमवारी १०:५० ला उभं केलं. म्हणजे कागद ८:५० पर्यंत हातात हवा होता. प्रत्यक्षात काय झालं? १०:३० ला कोर्टाच्या व्हरांड्यात, बेडीचं एक टोक शिपायाच्या हातात, दुसऱ्याने पाठीवर पॅड ठेवून सही घेतली, "जल्दी कर, साहब बैठ गए हैं." हे दृश्य मी ज्या जागेवरून बघते तो जिना मला पाठ झालाय. सही करताना निखिलने एक काम केलं तर पुढे फार फरक पडतो, सहीच्या खाली स्वतःच्या हाताने तारीख आणि वेळ टाकायची. १०:३०. बस. शिपाई ओरडेल, ओरडू दे. पोलिसांचे सगळे कागद त्यांच्या घड्याळाने चालतात, त्या फाईलमध्ये तुमच्या घड्याळाची हीच एक नोंद असते.

भाषेचं जरा बोलू कारण हा आपला इथल्या मराठी माणसांचा खास प्रश्न आहे. इथे थान्याचं सगळं हिंदीत. निखिल इथेच शिकला-वाढला, त्याने "मला मराठीत आधार द्या" म्हणून अडून बसणं म्हणजे वेळ घालवणं, कोर्ट विचारेल तू हिंदी वाचतोस का, हो, मग झालं. पण पोलिसी हिंदी ही वेगळीच चीज आहे, मश्रूका, मुलजिम, तहरीर, जुर्म दफा, यातलं मश्रूका म्हणजे चोरीला गेलेला माल हे मला सुद्धा वकील झाल्यावर कळलं. तेव्हा समजलं नाही तर तिथेच "इसका मतलब समझाइए" म्हणायचं, आणि पटलं नाही तर सहीसोबत "समझ में नहीं आया" असं लिहायचं. आणि समजा साताऱ्याहून नोकरीला आलेला पोरगा आहे, हिंदी बोलतो तोडकीमोडकी पण वाचता येत नाही धड, त्याने मात्र मराठीचा आग्रह धरायचाच, त्याच्यासाठी ती हौस नाही, हक्क आहे.

आता आई. निखिलच्या आईला कळलं कधी? शनिवारी रात्री दहापर्यंत तिला वाटत होतं दुकानात आहे. साडेदहाला शेजारच्या दुकानवाल्याने सांगितलं की पोलीस घेऊन गेले. कायद्याने हे काम शेजाऱ्याचं नव्हतं. कलम ४८ प्रमाणे अटक करणाऱ्याने लगेच, निखिल ज्याचं नाव सांगेल त्या नातेवाईकाला किंवा मित्राला किंवा कुणालाही, अटक झाली आणि कुठे ठेवलंय हे दोन्ही कळवायचं, शिवाय जिल्ह्यात यासाठी नेमलेल्या पोलीस अधिकाऱ्यालाही. सिनेमात दाखवतात तसा "मुझे एक फोन करने दो" हा हक्क नाही, फोन पोलिसांनी करायचाय, तो त्यांच्यावरचा बोजा आहे. आणि कुणाला कळवलं त्याची नोंद थान्यातल्या वहीत करायची, आणि मॅजिस्ट्रेटने निखिल समोर आल्यावर ती नोंद झालीय का याची खात्री करून घ्यायची.

गडबड कुठे होते तर नोंदीत. "परिजनों को सूचना दी गई." कुठल्या परिजनाला? कुठल्या नंबरवर? किती वाजता? एका फाईलमध्ये मी बघितलंय, नंबर लिहिलेला होता, मी लावला, तर तो बंद. म्हणून वकिलाने पहिल्याच दिवशी थान्याच्या रोजच्या नोंदवहीची, म्हणजे रोजनामच्याची, नक्कल मागायची. आणि घरच्यांनी स्वतःचा कॉल लॉग न पुसता ठेवायचा, त्यात पोलिसांचा फोन आला नाही हे दिसतं, शिवाय आईने ११ वाजता थान्याच्या नंबरवर केलेला कॉल दिसतो, म्हणजे शनिवारी ११ वाजता निखिल तिथे होता या म्हणण्याला पण त्यातूनच जोर मिळतो.

हा हक्क कुठून आला माहितीये का, एका पत्रातून. १९८६ मध्ये पश्चिम बंगालच्या लीगल एड सर्व्हिसेसचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांची कात्रणं लावून सुप्रीम कोर्टाच्या सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि डिसेंबर १९९६ मध्ये निकालात ११ सूचना दिल्या. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी, अटकेचा मेमो, त्यावर घरच्या किंवा मोहल्ल्यातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही, अटक झालेल्याची सही, नातेवाईकाला कळवणं, वैद्यकीय तपासणी, हे सगळं तिथून येऊन आता संहितेच्या कलम ३६ ते ४८ मध्ये आणि ५३ मध्ये बसलंय.

त्या साक्षीदाराच्या सहीबद्दल मला घरच्यांना एक सांगायचंय. रविवारी सकाळी निखिलचे वडील थान्यात पोचतात, हेड साहेब एकदम गोड बोलतात, "अंकल, यहाँ साइन कर दो, बच्चे को देख लोगे." वडील सही करतात, वर ११:१५ छापलंय की लिहिलंय ते बघतही नाहीत, बिचाऱ्यांचं लक्ष मुलाच्या तोंडाकडे. आणि दोन गोष्टी होतात. एक, घरच्याने मेमोवर सही केली की दुसऱ्या कुणाला कळवायचा हक्क वेगळा सांगायची गरज कलम ३६ प्रमाणे राहत नाही. दोन, अटक ११:१५ ला झाली याचे साक्षीदार स्वतः वडीलच झाले. उद्या मी कोर्टात उभी राहून शनिवार ६:४० म्हणणार आणि सरकारी वकील तो कागद वर करणार. तेव्हा सही करू नका असं मी म्हणत नाही, सहीखाली लिहा, "मी आज ११:३० ला आलो, मुलाला काल संध्याकाळपासून इथे ठेवलंय." हिंदीत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा. लिहू देत नसतील तर सही न करणं हा पण एक पर्याय आहे.

मग ६:४० सिद्ध कशाने करायचं? दुकानात कॅमेरा असेल तर त्याच रात्री ते रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर काढून ठेवा, कारण छोट्या दुकानांतले डीव्हीआर आठ-पंधरा दिवसांत स्वतःच पुसून परत भरतात. थान्यातही कॅमेरे हवेत असा सुप्रीम कोर्टाचा २०२० चा आदेश आहे, परमवीर सिंह सैनी यांच्या प्रकरणातला, तेव्हा मॅजिस्ट्रेटपुढे पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्यायचा की शनिवार ६ ते सोमवार ११ पर्यंतचं फुटेज राखून ठेवायला सांगा. बऱ्याचदा उत्तर येतं कॅमेरा बंद होता. येऊ दे, ते उत्तर पण फाईलला लागतं. मोबाईलचं लोकेशन नंतर मागता येतं.

पेशीत काय होतं ते सांगते कारण लोकांना वाटतं तिथे सुनावणी होते, वाद होतात. कित्येकदा अख्खी गोष्ट तीन-चार मिनिटांत संपते. मॅजिस्ट्रेट सहसा विचारतात, "कोई शिकायत? मारपीट तो नहीं हुई?" आणि घाबरलेला मुलगा मान हलवून नाही म्हणतो कारण मारपीट झालेली नसते आणि बाकी काही तक्रार असू शकते हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्याने तिथे एवढंच बोलायचं, "साहब, मुझे शनिवार शाम छह चालीस पर लाए थे. कागज अभी साढ़े दस बजे दिया. घर पर किसी ने खबर नहीं की." तीन वाक्यं. आणि वकिलाने आग्रह धरायचा की हे आजच्या ऑर्डरशीटमध्ये घ्या. ऑर्डरशीटमध्ये नसेल तर वरच्या कोर्टाच्या दृष्टीने ते घडलंच नाही. वकील नसेल तर रिमांडच्या वेळी सरकारी खर्चाने वकील मिळतो, कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण आपल्या कोर्टाच्या आवारातच आहे आणि १५१०० हा देशभराचा नंबर. आणि मॅजिस्ट्रेटने पोलीस कोठडी द्यायची तर माणूस प्रत्यक्ष समोर हवा, व्हिडिओवर दाखवून पोलीस कोठडी मागता येत नाही, कलम १८७(४).

चोवीस तास मोडले तर होतं काय? जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ईडी विरुद्ध सुभाष शर्मा या प्रकरणात सांगितलं की २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेलं नाही तर अटकच निकामी होते, तिथे त्या माणसाला विमानतळावर आधी अडवून ठेवलं होतं आणि कागदावर अटक बऱ्याच उशिरा दाखवली होती. जामीन कायम राहिला, मनी लाँडरिंगसारख्या कायद्यात सुद्धा, जिथे एरवी जामिनाच्या अटी भयंकर कडक.

पण माझ्या अनुभवात खालच्या कोर्टात हा मुद्दा पहिल्याच दिवशी चालतो असं नाही. मॅजिस्ट्रेट कागदावरचं ११:१५ बघतात आणि रिमांड देऊन टाकतात. मग सेशनला जामीन अर्ज, नाहीतर हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात याचिका, आणि तिथे ते कॉल लॉग, दुकानाचं फुटेज, ती हाताने लिहिलेली १०:३०, हे सगळं उपयोगी पडतं. आधार दिले की नाही या मुद्द्यावर तर सिद्ध करायचं ओझं पोलिसांवर आहे, फेब्रुवारी २०२५ च्या विहान कुमार निकालाने ते पक्कं केलंय, आणि त्याच निकालात हेही आहे की बायकोला आधार सांगितले म्हणजे नवऱ्याला सांगितले असं होत नाही. आधार सांगायचे ते अटक झालेल्यालाच, घरच्यांना कळवायचं ते शिवाय.

आणि हद्द पण माहीत असू द्या, नाहीतर उगाच आशा लावून बसाल. अटक बेकायदेशीर ठरली म्हणजे केस संपली असं नाही. एफआयआर राहते, तपास राहतो, चार्जशीट येते, १,८०,००० चा हिशोब द्यावाच लागतो. इतकंच काय, मिहिर शाह निकालाप्रमाणे पोलीस नंतर आधार लेखी देऊन परत कोठडी मागू शकतात, तो अर्ज मॅजिस्ट्रेटने शक्यतो आठवड्यात निकाली काढायचा.

एक वेगळी वाट सांगून टाकते कारण मोहल्ल्यातल्या भांडणांत तीच जास्त वापरतात, शांतताभंगाची, जुनी १५१, आता कलम १७०. गुन्हा झालेला नसतो, होईल म्हणून पकडतात. तिथेही २४ तासच, फक्त आपल्या शहरात डिसेंबर २०२१ पासून कमिशनर पद्धत असल्यामुळे पुढची पेशी जिल्हा कोर्टात न होता एसीपींच्या कोर्टात होते, म्हणजे पकडणारे पण पोलीस आणि ऐकणारे पण पोलीस. मला ते आवडत नाही, पण आहे तसं आहे.

निखिलचं पुढे काय झालं म्हणून विचाराल. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात मुळात आधी कलम ३५(३) ची नोटीस द्यायची असते, अमुक दिवशी चौकशीला हजर हो, आणि तो हजर राहत असेल तर अटक का हवी याची कारणं लिहून काढावी लागतात. आपल्या उदाहरणातल्या मॅजिस्ट्रेटने वेळ विचारली, निखिलने तीन वाक्यं बोलली, आणि त्यांनी हेड साहेबांना एकच विचारलं, नोटीस दी थी? फाईलमध्ये नोटीस नव्हती. दुपारी दोनला तो घरी आला, आईने आधी जेवायला वाढलं मग बोलली, आणि बुधवारी थान्यातून माणूस आला, यावेळी कागद घेऊन, शुक्रवारी सकाळी ११ वाजता हजर राहावे. निखिलने पोच दिली, सहीखाली वेळ टाकली, ४:२०.